काचेवरची अक्षरं, काचेमागची पैठणी

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी दिवे लागल्यावर एखाद्या साडीच्या दुकानासमोर कॅमेरा धरला, तर फोटोत एकाच वेळी दोन दुकानं येतात. एक काचेच्या आतलं आणि दुसरं रस्त्यापलीकडचं. समजा, आत पुतळ्याला नेसवलेली जांभळी पैठणी आहे. काठ गडद हिरवा, काठावर मुनिया आणि पदरावर जरीचे मोर. समोरच्या फुटपाथवर चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच्या पाटीवर पांढऱ्या, आतून उजळलेल्या अक्षरांत ‘चष्मे’ लिहिलं आहे. फोटो संगणकावर उघडला की पैठणीच्या काठापासून पदरापर्यंत उलटं, धूसर ‘चष्मे’ पसरलेलं दिसतं. साडी छान आलेली असते, प्रकाशही मनासारखा असतो. नको असतात ती एवढी दोन अक्षरं.

असं काम हाती आलं की बहुतेकांचा हात आपोआप क्लोन स्टॅम्पकडे जातो. शेजारचा कापडाचा तुकडा उचलायचा आणि अक्षरावर चिकटवायचा. साध्या भिंतीवर हे खपून जातं, पण पैठणीवर लगेच उघडं पडतं. मुनियाची चोच एका ठिकाणी दोनदा उमटते, मोराचा पिसारा मध्येच तुटतो, काठाची रेघ अक्षराखाली शिरताना एका उंचीवर असते आणि बाहेर पडताना दुसऱ्या. साडी विणणाऱ्याने हा फोटो पाहिला, तर ही वीण आपल्या मागाची नव्हे हे तो पहिल्याच नजरेत सांगेल. यातली हळहळ अशी की अक्षराखालची खरी मुनिया फोटोतून गेलेलीच नसते. ती तिथेच असते, तिच्यावर फक्त थोडा जास्तीचा प्रकाश पडलेला असतो.

काचेवरचं प्रतिबिंब आणि काचेवर चिकटवलेला कागद यांत फरक आहे. कागद मागचं दृश्य झाकतो. प्रतिबिंब मागच्या दृश्यात भर घालतं. साडीकडून निघालेला प्रकाश काचेतून बाहेर येतो, पाटीकडून आलेला प्रकाश काचेवरून परततो आणि लेन्समध्ये शिरताना या दोन्हींची बेरीज होते. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर ही बेरीज नोंदली जाते. मग अक्षर काढायचं म्हणजे तिथे दुसरं काही भरायचं नाही, फक्त वजाबाकी करायची. या प्रकरणातला सगळा खटाटोप ती वजाबाकी बरोबर येण्यासाठी आहे.

किती प्रकाश परततो

साध्या काचेवर प्रकाश समोरून पडला, तर तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. काचेला पृष्ठभाग दोन, पुढचा आणि मागचा. म्हणून एका काचेवरून एकूण सुमारे ८ टक्के प्रकाश माघारी येतो. आकडा लहान वाटतो, पण दुसऱ्या बाजूची स्थिती पाहिली पाहिजे. पाटीची अक्षरं स्वतः दिवे आहेत. पैठणीचा हिरवा काठ आधीच गडद, त्यात तो शोकेसच्या कोपऱ्यातल्या सावलीत. दिव्याचे ८ टक्के आणि सावलीतल्या काठाचे जवळजवळ शंभर टक्के यांची तुलना केली, तर दिव्याचं पारडं सहज जड होतं. त्याच पाटीची काळी पार्श्वभूमीही काचेत दिसत असतेच, पण काळ्याचे ८ टक्के म्हणजे जवळपास शून्य. म्हणून आख्खी पाटी दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते. प्रतिबिंब काचेवर दिसत असलं, तरी ते काचेवर नसतं. पाटी काचेपासून १२ मीटरवर असेल, तर तिचं प्रतिबिंब काचेच्या १२ मीटर मागे असल्यासारखं वागतं. कॅमेरा काचेपासून २ मीटरवर आणि साडी काचेच्या आत अर्ध्या मीटरवर असेल, तर साडी कॅमेऱ्यापासून अडीच मीटर पडते आणि अक्षरं १४ मीटर. फोकस साडीवर असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा विरघळलेल्या येतात. त्या किती विरघळतील हे लेन्सच्या छिद्रावर ठरतं. छिद्र मोठं असेल तर कडा पसरट, लहान असेल तर रेखीव. पुढे अक्षराचा मुखवटा, म्हणजे मास्क, तयार करताना ही गोष्ट कामाला येते.

एकच प्रकाश, तीन वेगळे आकडे

आता मोजमाप करू. सोयीसाठी तीन रंगांपैकी फक्त लाल रंगाचे आकडे पाहू. फोटो संपादनाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रंग मोजण्याचं ड्रॉपर असतं. ते हिरव्या काठावर, अक्षराच्या अगदी बाहेर ठेवलं की समजा २८ आकडा येतो. तोच काठ अक्षराच्या आत शिरतो तिथे ७६. जांभळ्या अंगावर अक्षराबाहेर ९२, आत ११४. जरीवर बाहेर २१४, आत २२२.

म्हणजे अक्षराने काठावर ४८ वाढवले, अंगावर २२ आणि जरीवर जेमतेम ८. पाटी एकच, काच एकच, मग वाढ इतकी वेगळी कशी? इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. मधला आकडा धरून सगळीकडून २२ वजा केले, तर अंग बरोबर येतं, पण काठ ५४ वर अडकतो, तिथे अक्षर फिकट होऊन टिकतं. जरी मात्र २०० वर घसरते, तिथे तेच अक्षर काळपट उमटतं. पांढऱ्या भुताच्या जागी अर्धं पांढरं, अर्धं काळं भूत मिळतं.

खोट आकड्यांत आहे. पडद्यावरचे ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. माणसाच्या डोळ्याला अंधारातले फरक जास्त जाणवतात, म्हणून फाइलमध्ये अंधाराला जास्त आकडे वाटून दिलेले असतात आणि उजेडाला कमी. पडद्यावरच्या आकड्याचा खऱ्या प्रकाशाशी असलेला संबंध, एसआरजीबी पद्धतीच्या फाइलसाठी, असा आहे:

```
L = ((V/255 + 0.055) / 1.055) ^ 2.4
```

यात `V` म्हणजे पडद्यावरचा आकडा आणि `L` म्हणजे प्रकाश, पूर्ण पांढऱ्याला १ मानून. अगदी काळ्या छटांसाठी, साधारण १० च्या खाली, सूत्र थोडं वेगळं आहे, पण इथे त्याची गरज पडत नाही. आपले सहा आकडे यात घातले की चित्र पालटतं. काठ १.२ टक्क्यांवरून ७.२ वर गेलेला असतो, अंग १०.७ वरून १६.८ वर आणि जरी ६७.२ वरून ७३.० वर. वाढ अनुक्रमे ६.०, ६.१ आणि ५.८. मोजमापातली किरकोळ चूक सोडली तर तिन्ही ठिकाणी एकच: ६ टक्के.

आता हिशेब जुळला. पाटीने सगळीकडे सारखाच प्रकाश टाकला होता. उलट तपासणीही करता येते: काच ८ टक्के प्रकाश परत पाठवत असेल आणि हातात ६ टक्के आले असतील, तर पाटीचा थेट फोटो याच एक्स्पोजरला काढला असता अक्षरं ७५ टक्क्यांच्या आसपास आली असती. आतून उजळलेल्या पांढऱ्या अक्षरांसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे.

या मोजणीचा दुसरा उपयोग म्हणजे ती फाइलची लायकी सांगते. गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन जोड्यांमधून वाढ सारखी येत नसेल, तर दोनच शक्यता. एक, अक्षर सगळीकडे सारखं उजळ नाही, पाटीतली एखादी ट्यूब गेलेली आहे. तसं असेल तर आकडे अक्षराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलतात. दुसरी आणि नेहमीची शक्यता अशी की फोटो जेपीइजी आहे आणि कॅमेऱ्याने किंवा फोनने त्यात आपला कॉन्ट्रास्ट आधीच मिसळलेला आहे. मग वरचं सूत्र त्या फाइलला लागूच पडत नाही. गडद जागी एक उत्तर, उजळ जागी दुसरं. म्हणून या कामाला रॉ फाइल लागते आणि ती उघडताना कॉन्ट्रास्टची वक्ररेषा बंद ठेवावी लागते. चित्र मलूल दिसतं. दिसू द्यावं. रंगरूप शेवटी देता येतं.

मोजणी लाल रंगापुरती केली, प्रत्यक्षात ती तिन्ही रंगांसाठी स्वतंत्र करायची. पाटी पांढरी दिसली तरी एलइडीचा पांढरा अनेकदा निळसर असतो आणि शोकेसची जाड काच हिरवटपणाची छटा मिसळते. लालची वाढ ६ टक्के आणि निळ्याची ७ टक्के असू शकते. तिथे तिन्ही रंगांतून ६ वजा केले, तर अक्षर जातं, पण त्याच्या आकाराचा निळसर डाग राहतो.

अक्षराचा साचा

किती वजा करायचं ते कळलं. कुठून, ते ठरवायचं आहे. हाताने ब्रश फिरवून अक्षर रंगवता येतं, पण ते कधी नेमकं होत नाही. पाटीवरचं अक्षर छापील आहे, त्याचा आकार ठरलेला आहे. तोच आकार पुन्हा टाइप करणं जास्त सोपं. मिळताजुळता देवनागरी फॉण्ट निवडून ‘चष्मे’ लिहायचं, ते आडवं उलटवायचं आणि मग कोपरे ओढून ओढून फोटोतल्या अक्षरांवर बसवायचं.

या बसवण्यात देवनागरीची शिरोरेषा फार मदत करते. रोमन अक्षरं सुटी असतात. त्यांच्या ओळीचा कल डोळ्यांनी अंदाजाने पकडावा लागतो. शिरोरेषा मात्र फोटोत एक लांब, सरळ, जाड पट्टी म्हणून दिसते. तिचं एक टोक कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर तिकडे ती जाड, दूरच्या टोकाला बारीक. आधी शिरोरेषा जुळवायची, तिची जाडी दोन्ही टोकांना जमली की बाकीचं अक्षर बहुतेक आपोआप जागेवर येतं. मग ‘मे’ची मात्रा आणि ‘ष्’ची अर्धी वळणं तपासायची. मात्रा शिरोरेषेच्या वर एकटी असते, त्यामुळे तिथे साचा थोडा जरी सरकला तरी लगेच लक्षात येतं.

साचा बसला की त्याच्या कडा फोटोतल्या अक्षरांइतक्याच विरघळवायच्या. फोटोत शिरोरेषेची कड पूर्ण पांढऱ्यापासून पूर्ण साडीपर्यंत किती ठिपक्यांत उतरते हे मोजायचं. समजा १८ ठिपके. साच्याला ब्लर देऊन त्याची कडही १८ ठिपक्यांत उतरेल असं करायचं. लेन्सने केलेला धूसरपणा आणि सॉफ्टवेअरचा गाउसियन ब्लर अगदी एकसारखे नसतात. लेन्सचा धूसरपणा छिद्राच्या आकाराचा, म्हणजे गोल किंवा षटकोनी असतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘लेन्स ब्लर’ असेल तर तो वापरलेला बरा.

काही काचांवर साचा एकदा लावून भागत नाही. काचेला पृष्ठभाग दोन म्हणजे प्रतिबिंबंही दोन. कॅमेरा समोरून धरला असेल तर ती एकमेकांवर चपखल बसतात. तिरका धरला की जाड काचेत दुसरं प्रतिबिंब थोडं बाजूला सरकतं. एसी शोरूमच्या दुहेरी काचेत दोन काचा आणि मध्ये हवेची पोकळी असते, तिथे तर अक्षराची दुसरी प्रत स्वतंत्रपणे वाचता येते. त्या प्रतीसाठी साच्याची दुसरी नक्कल लागते. तिचं बळ थोडं कमी असतं, कारण तो प्रकाश जाताना आणि येताना आधीच्या पृष्ठभागांवर काही भाग गमावून आलेला असतो. दोन साचे जिथे एकमेकांवर पडतात तिथे दोन्ही वजाबाक्या होऊ द्यायच्या. फोटोतही तिथे दोन्ही प्रकाशांची बेरीज झालेली असते.

वजाबाकी

हे सगळं गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. फोटो उघडल्यावर `Image → Precision` मध्ये `32 bit floating point` आणि `Linear light` निवडायचं. मग फोटोच्या वर एक नवा लेयर घालून तो काढून टाकायच्या प्रकाशाच्या रंगाने भरायचा. आपल्या उदाहरणात तो तिन्ही रंगांत ६ टक्के आहे असं धरू. ६ टक्के प्रकाशाचा पडद्यावरचा आकडा ६९ येतो, म्हणजे राखाडी `#454545`. लेयरचा मोड `Subtract` ठेवायचा आणि लेयरवर राइट-क्लिक करून `Blend Space` व `Composite Space` दोन्ही `RGB (linear)` करायचे. हे दोन राहिले तर वजाबाकी पुन्हा पडद्यावरच्या आकड्यांत होऊ शकते आणि तसं झालं तर वरची सगळी मोजणी वाया जाते. शेवटी त्या लेयरला मास्क द्यायचा आणि त्यात आपला अक्षरांचा साचा ठेवायचा. साचा पांढरा तिथे पूर्ण वजाबाकी, काळा तिथे काही नाही, राखाडी कडांवर त्या त्या प्रमाणात.

पहिल्याच फटक्यात अक्षर पूर्ण जात नाही. काय राहिलं आहे त्यावरून काय चुकलं ते ओळखता येतं.

अक्षराचं पोट सगळीकडे किंचित फिकट राहिलं, तर वजा केलेला प्रकाश कमी आहे. हिरव्या काठावर अक्षराच्या जागी मिट्ट काळं झालं, तर तो जास्त आहे. हा फरक पाहायला काठच योग्य. तिथे मूळ प्रकाश १.२ टक्केच आहे, त्यामुळे अर्ध्या टक्क्याची चूकसुद्धा ठळक दिसते. जरीवर तेवढी चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून प्रमाण काठ पाहून ठरवायचं आणि जरी पाहून पडताळायचं.

अक्षर गेलं पण त्याच्याभोवती फिकट रेघ राहिली, तर साचा बारीक आहे. काळी रेघ राहिली, तर जाड आहे. फिकट आणि काळी अशा दोन रेघा शेजारी शेजारी, बाहेर फिकट आणि आत काळी, दिसल्या तर साच्याची कड फोटोतल्या कडेपेक्षा रेखीव आहे, ब्लर वाढवायचा. एका बाजूला फिकट आणि समोरच्या बाजूला काळी असेल, तर साचा सरकलेला आहे. काळ्या रेघेच्या उलट्या दिशेला तो ढकलायचा.

तपासणी दोन आकारांत करावी लागते. विरघळलेल्या अक्षराचा उरलासुरला डाग मोठ्या, पसरट भागात हलकेच पसरलेला असतो. चित्र शंभर टक्क्यांवर पाहिलं तर तो दिसत नाही. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं केलं की ‘चष्मे’ पुन्हा वाचता येतं. त्याशिवाय सगळ्यांत वर तात्पुरती तीव्र कॉन्ट्रास्टची वक्ररेषा ठेवली, तर लपलेला डाग बाहेर येतो. काम झालं की ती काढून टाकायची.

वजाबाकीनंतर उरणारे दाणे

एवढं सगळं नीट जमलं, डाग शिल्लक नाही, रेघा नाहीत, तरी शंभर टक्क्यांवर हिरव्या काठाकडे पाहिलं की अक्षर अजून ओळखू येतं. रंग बरोबर असतो, उजेड बरोबर असतो, पण अक्षराच्या आकाराचा भाग शेजारच्या कापडापेक्षा खरखरीत दिसतो.

याचं कारण प्रकाशातच आहे. सेन्सरवर प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या येण्यात नेहमी थोडा चढउतार असतो. प्रकाश वाढला की चढउतारही वाढतो, प्रकाशाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. काठावर अक्षरामुळे प्रकाश १.२ वरून ७.२ वर गेला, म्हणजे सहापट. सहाचं वर्गमूळ सुमारे अडीच. त्यामुळे तिथला चढउतार अडीचपट झाला. आपण ६ टक्के वजा केले तेव्हा सरासरी प्रकाश गेला, पण चढउतार मागे राहिला. तो वजा करता येत नाही, कारण कुठल्या ठिपक्यावर तो वर गेला आणि कुठे खाली, हे कुणालाच माहीत नसतं.

जरीवर ही अडचण येत नाही. तिथे ६७ चे ७३ झाले, वर्गमुळात फरक नगण्य. म्हणून दाणे घालवायचं काम फक्त अक्षर आणि गडद काठ जिथे एकत्र येतात तिथेच करायचं. अक्षराच्या साच्याला गडद भागांच्या मास्कने छेद द्यायचा आणि उरलेल्या जागेवर हलका डीनॉइज चालवायचा. मुनियाच्या पंखांची वीण पुसट होऊ लागली की तिथेच थांबायचं. उरलेला फरक झाकण्यासाठी अनुभवी रिटचर उलटा मार्ग घेतात. ते आजूबाजूच्या काठावर थोडे दाणे घालतात, म्हणजे अक्षराची जागा वेगळी उठून दिसत नाही.

जरीची अडचण दुसरीच. जरीच्या एखाद्या धाग्यावर दिवा थेट चमकत असेल, तर तिथला प्रकाश आधीच ९७–९८ टक्क्यांवर असतो. त्यात अक्षराचे ६ मिळाले की बेरीज शंभराच्या पुढे जाते आणि सेन्सर फक्त शंभर नोंदवतो. तिथे ६ वजा केले तर उत्तर ९४ येतं, म्हणजे चमक असायला हवी तिथे राखाडी ठिपका. अशा जागी वजाबाकी चालत नाही, तिथली खरी माहिती नोंदलीच गेलेली नाही. तेवढ्याच ठिपक्यांसाठी क्लोन स्टॅम्प वापरणं रास्त. धाग्यावरची चमक शेजारच्या धाग्यावरून उचलली, तर पैठणीच्या नक्षीला धक्का लागत नाही.

बटण दाबण्याआधी

संगणकावरचं हे काम कमी करायचं असेल, तर फोटोग्राफरच्या हातात दुकानासमोर उभं असतानाच काही उपाय असतात. त्यांतल्या एकाचं मूळ २०० वर्षांहून जुन्या शोधात आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालू हा फ्रेंच संशोधक आपल्या घरातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळत्या सूर्याचं प्रतिबिंब कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. या स्फटिकातून प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवल्यावर त्याला दिसलं की दोन प्रतिमांपैकी एक मंदावते आणि दुसरी उजळते. काचेवरून परतलेला प्रकाश ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याचं कंपन एका विशिष्ट दिशेत बांधलेलं असतं, हे त्यातून पुढे आलं. १८१५ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने परतलेला प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो तो कोन आणि काच यांचा नियम मांडला. साध्या काचेसाठी हा कोन ५६ अंशांच्या आसपास येतो, काचेला लंब असलेल्या रेषेपासून मोजलेला.

लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर याच गुणावर चालतो. काचेशी असा तिरका उभा राहून फिल्टर हळूहळू फिरवला, तर एका जागी प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं आणि साडी तशीच राहते. पण दुकानाच्या अगदी समोर उभं राहून फिल्टर कितीही फिरवला तरी काही होत नाही. समोरून परतलेला प्रकाश ध्रुवित नसतो. शोकेसचे बहुतेक फोटो समोरूनच काढले जातात, म्हणून ‘पोलरायझर लावला तरी अक्षरं आलीच’ ही तक्रार फोटोग्राफरांत नेहमी ऐकू येते. मधल्या कोनांवर प्रतिबिंब अर्धवट कमी होतं. अर्धवट कमी झालेलं अक्षरही कामाचं असतं: ६ ऐवजी २ टक्के वजा करायचे असतील, तर काठावरचे दाणे खूपच कमी उरतात.

सगळ्यांत खात्रीचा जुना उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे काळा कपडा धरणं. पाटी आणि काच यांच्यामध्ये काळं आलं की काचेला परत पाठवायला काही उरत नाही. गर्दीच्या रस्त्यावर १२ मीटर पलीकडच्या पाटीला झाकणारा कपडा धरून उभं राहणं मात्र सोपं नाही.

दुकानदाराचं सहकार्य असेल तर एक वेगळी युक्ती करता येते. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, एक्स्पोजर आणि फोकस हाताने पक्के करायचे, रॉ फाइल ठेवायची. एक फोटो नेहमीसारखा काढायचा. मग शोकेसचे आतले दिवे बंद करून त्याच मापांवर दुसरा. दुसऱ्या फोटोत आतलं जवळजवळ काही नसतं, फक्त काचेवरचं प्रतिबिंब असतं: अक्षरं, त्यांच्या विरघळलेल्या कडा, दुहेरी काचेतल्या दोन्ही प्रती, निळसर छटेसकट. मग साचा टाइप करायला नको, ब्लरचा अंदाज नको. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, अर्थात खऱ्या प्रकाशाच्या आकड्यांत. दोन फोटोंचे दाणे मात्र एकत्र होतात. म्हणून दुसऱ्या स्थितीचे आठ-दहा फोटो काढून त्यांची सरासरी घेतात, म्हणजे त्या बाजूचे दाणे मावळतात.

पाटी सरकत्या एलइडी अक्षरांची असेल तर दिवे बंद करायचीही गरज नाही. अक्षरं स्वतःच सरकत असतात. तिपाईवरून काही सेकंदांच्या अंतराने पंधरा-वीस फोटो काढायचे. साडीवरच्या एका ठिपक्यावर काही फोटोंत अक्षर पडलेलं असतं, काहींत नसतं. प्रत्येक ठिपक्याच्या पंधरा-वीस आकड्यांमधला मधला आकडा घेतला, तर अक्षर निम्म्याहून कमी वेळा पडलेल्या सगळ्या जागी नुसती साडी उरते. वाटेने जाणाऱ्या रिक्षा आणि माणसांची प्रतिबिंबंही याच गाळणीत निघून जातात. या पद्धतीला एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे शोकेसमधली हालचाल. आत पंखा चालू असेल आणि पदर हलत असेल, तर मधला आकडा पदराच्या वेगवेगळ्या जागांमधून येतो आणि जरीचे मोर पुसट होतात. म्हणून हे फोटो सुरू करण्याआधी पंखा बंद करून पदर स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं.